पट्टी वाचावी कशी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृती सांगते, कोणी देवीची कथा सांगते. यंदा अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बोट केले आणि म्हणाल्या, "तू सांगलीच्या पट्टीचे सांग." मी सातवी शिकलेली बाई. व्याख्यान देणे मला जमत नाही. पण आपल्यापैकी बहुतेकींच्या घरची हळद सांगलीला जाते आणि तिकडून घरी येतो तो एक कागद. तो कागद आपण देवघरातल्या फडताळात, नाहीतर तांदळाच्या डब्याखाली ठेवून देतो. बेणे जपण्यापासून काहिलीतून हळद काढून वाळवण्यापर्यंतची मेहनत आपल्या हातची असते, आणि तिचा हिशेब ज्या कागदावर आहे तो मात्र आपण वाचत नाही. म्हणून आज आमच्या घरची एक पट्टी तुमच्यापुढे उलगडून ठेवते. दुकानाचे नाव सांगणार नाही. त्याची जरुरीही नाही.

ही गोष्ट २०२४ सालच्या हंगामातील. आमची चौदा पोती हळद टेंपोने सांगलीच्या मार्केट यार्डात गेली. त्यात दहा पोती हळकुंड आणि चार पोती गड्डा. बरोबर आमचे यजमान गेले होते. सौदा झाला, माल तोलला गेला, आणि संध्याकाळी ते दोन कागद खिशात घालून घरी आले. एक काट्यावरची चिठ्ठी आणि दुसरी आडत दुकानाची पट्टी. "किती झाले?" म्हणून विचारले तर म्हणाले, "उचल वजा जाऊन अडुसष्ट हजार एकशे पंचाहत्तर. आठवड्यात बँकेत जमा होतील." एवढे बोलून ते जेवायला बसले. रात्री सगळी निजानीज झाल्यावर मी ते दोन्ही कागद आणि माझी वही घेऊन दिव्याखाली बसले.

वहीचे आधी सांगते, कारण वही नसती तर पुढचे काहीच झाले नसते. पोती भरली तेव्हा पिठाच्या गिरणीतला काटा थोरल्याने मागून आणला होता. एकेक पोते तोलून त्यावर खडूने नंबर घातला आणि नंबरापुढे वजन वहीत मांडले. घरच्या काट्यावर चौदा पोत्यांचे वजन सातशे अठ्ठ्याहत्तर किलो भरले. सांगलीच्या काट्यावर भरले सातशे पंचाहत्तर. म्हणजे तीन किलोंचा फरक.

आता हा फरक ऐकून लगेच 'काटा मारला' असे म्हणावयाचे नाही. सौद्याच्या वेळी पोत्याला सुरी लावून किंवा तोंड उसवून नमुना काढतात. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतात, वास घेतात, आणि ती मूठभर हळद पोत्यात परत जातेच असे नाही. शिवाय गिरणीचा काटा म्हणजे काही सोनाराचा तराजू नव्हे. चौदा पोत्यांत तीन किलो म्हणजे पोत्यामागे दोनशे ग्रॅमच्या थोडे वर. एवढे मी सोडून दिले.

पण फरक कसा बघावयाचा, हे मात्र ध्यानात ठेवा. नुसती बेरीज बघू नका, पोत्यापोत्याचे वजन बघा. सगळ्या पोत्यांत सारखीच तूट दिसली, समजा प्रत्येकात दीड-दीड किलो, तर काट्याविषयी शंका घ्यावी. मग आपला काटा तरी खरा आहे का हे बघावे आणि त्यांच्या काट्यावर वजनमाप खात्याचा यंदाचा शिक्का आहे का तेही बघावे. तेरा पोती जुळली आणि एकाच पोत्यात दहा किलोंचा फरक निघाला, तर काटा खरा असतो आणि लिहिणाराचा हात चुकलेला असतो. सत्तावन्नचे सत्तेचाळीस झालेले असतात. पोत्यावर नंबर घातलेला असला म्हणजे ते तिथल्या तिथे दाखविता येते. आमच्या चौदा पोत्यांत तसे काही नव्हते.

आता पट्टीकडे वळू या. पट्टी म्हटली की आकड्यांची दाटी दिसते आणि छाती दडपते. पण तिचे तीनच खण आहेत. पहिल्या खणात माल: किती पोती, वजन किती, भाव काय आणि त्याची रक्कम. दुसऱ्यात खर्च: आडत, हमाली, तोलाई, भाडे. तिसऱ्यात जुने देणे: म्हणजे हंगामाआधी दुकानातून घेतलेली उचल. हे तीन खण वेगळे धरले की पट्टी पोळपाटावरच्या पोळीसारखी सपाट होते. आमची पट्टी अशी होती:

हळकुंड, १० पोती, ५ क्विंटल ५७ किलो, भाव १४,६००, रक्कम ८१,३२२
गड्डा, ४ पोती, २ क्विंटल ४ किलो, भाव १३,१००, रक्कम ३१,४४०
एकूण रक्कम १,१२,७६२
आडत शेकडा ३ प्रमाणे ३,३८३
हमाली १६८
तोलाई ५६
मोटारभाडे ७००
इतर २८०
एकूण खर्च ४,५८७
निव्वळ १,०८,१७५
उचल वजा ४०,०००
देणे ६८,१७५

बेरीज-वजाबाकी मी दोनदा केली. अगदी बरोबर होती. बहुतेक माणसे इथेच थांबतात. बेरीज जुळली म्हणजे पट्टी बरोबर, असे त्यांना वाटते. पण बेरजेच्या आधी जे आकडे मांडले, ते कुठून आले हे बघितल्याशिवाय पट्टी वाचली असे म्हणता येत नाही.

पहिला आकडा वजनाचा. काट्याच्या चिठ्ठीवर हळकुंडाची दहा पोती पाचशे सदुसष्ट किलो होती. पट्टीवर पाचशे सत्तावन्न. गड्ड्याची चार पोती चिठ्ठीवर दोनशे आठ, पट्टीवर दोनशे चार. म्हणजे पोत्यामागे एक किलो कमी. हे बारदानाचे वजन, कारण काटा पोत्यासकट वजन दाखवितो आणि भाव मिळतो तो फक्त हळदीचा. तेव्हा बारदान वजा करणे हे न्यायाचेच आहे. प्रश्न एवढाच की, पोत्याचे वजन किलोभर आहे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडीवरची त्याच गठ्ठ्यातली दहा रिकामी पोती झटकून, बांधून, गिरणीच्या काट्यावर टाकली. एक पोते टाकले तर काटा नीट ठरत नाही, म्हणून दहा एकदम. दहांचे वजन साडेसहा किलो भरले. म्हणजे पोत्याला साडेसहाशे ग्रॅम. भगिनींनो, तागाची पोती सगळी सारखी नसतात. जुनी, मोठी, जाड विणीची पोती किलोच्या आसपास भरतात. हल्लीची पन्नास-साठ किलोंची पातळ पोती तेवढी भरत नाहीत. भिजलेले पोते आणखी जड. म्हणून 'पोत्याला किलो' हा ठोकताळा कधी बरोबर येतो, कधी येत नाही. आमच्या बाबतीत तो पोत्यामागे साडेतीनशे ग्रॅम जास्त होता. चौदा पोत्यांचे चार किलो नऊशे ग्रॅम. हळदीच्या भावाने त्याचे जवळजवळ सातशे रुपये होतात. गव्हाच्या पोत्यात ही गोष्ट कोणी बोलणार नाही, पण हळदीच्या भावाला साडेतीनशे ग्रॅमची किंमत पन्नास रुपये आहे.

दुसरा आकडा भावाचा. पट्टीवर भाव क्विंटलचा असतो आणि वजनात क्विंटल व किलो असे दोन तुकडे असतात. गोंधळ तिथे होतो. त्याला एक सोपी तोड आहे. क्विंटल म्हणजे शंभर किलो. तेव्हा भावातली शेवटची दोन शून्ये झाकली की किलोचा भाव निघाला. चौदा हजार सहाशे म्हणजे किलोला एकशे सेहेचाळीस. आणि वजनाचेही सगळे किलो करून टाकावयाचे. पाच क्विंटल सत्तावन्न किलो म्हणजे पाचशे सत्तावन्न किलो. मग पाचशे सत्तावन्न गुणिले एकशे सेहेचाळीस. आले एक्क्याऐंशी हजार तीनशे बावीस. पट्टीशी जुळले.

आता गड्डा. दोन क्विंटल चार किलो म्हणजे दोनशे चार किलो. भाव किलोला एकशे एकतीस. गुणाकार केला तर आले सव्वीस हजार सातशे चोवीस. पट्टीवर मात्र एकतीस हजार चारशे चाळीस! मी पुन्हा केला, तिसऱ्यांदा केला. शेवटी थोरल्याला उठविले. त्याने आपल्या फोनवर करून बघितले, तरी सव्वीस हजारच.

मग ध्यानात आले. दिवाणजींनी वजन '२-४' असे लिहिले होते. दोन क्विंटल, चार किलो. पण गणकयंत्रावर बोटे मारताना त्यांनी २.४ मारले. आणि दोन दशांश चार क्विंटल म्हणजे दोन क्विंटल चाळीस किलो. चार किलोचे चाळीस किलो झाले. ते २.०४ असे मारावयास हवे होते. हे शून्य फार लबाड आहे. किलो दहाच्या खाली असले की त्याच्या आधी शून्य लागते: चार किलोचे ०४, सात किलोचे ०७. ते राहिले की वजन फुगते. उलटही होते. चाळीस किलो असताना '२-४' असे अर्धवट लिहिले आणि दुसऱ्याने ते चार किलो समजून २.०४ मारले, तर छत्तीस किलो हळद कागदावरून नाहीशी होते. म्हणून जिथे किलोचा आकडा एकेरी दिसेल, तिथे पट्टीवर आधी बोट ठेवावे.

आमच्या पट्टीत ही चूक आमच्या बाजूने होती. चार हजार सातशे सोळा रुपये जास्त लागले होते.

यजमानांना सांगितले तर ते म्हणाले, "गप बस. त्यांची चूक हाय, त्यांनी बघावी. वर्षभर ते आपल्याला भरडतात, एकदा आपल्याला आलं तर काय बिघडलं?" सासूबाई म्हणाल्या, "लक्ष्मी चालत आलीय, तिला दारातनं परत लावू नये." मी दोन दिवस गप्प राहिले. खोटे कशाला बोलू, माझेही मन डळमळले होते. थोरल्याची कॉलेजची फी भरावयाची होती. पण मला बारदानाचे बोलावयाचे होते. एका हाताने त्यांची चूक झाकून दुसऱ्या हाताने आपली मागणी कशी पुढे करावयाची? आणि दुकान असले तरी वहीखाते ते ठेवतातच. वर्षअखेर माल आणि पैसा यांचा ताळा घालताना छत्तीस किलो गड्डा सापडला नाही, की ती रक्कम पुढच्या हंगामाच्या पट्टीत 'मागील बाकी' म्हणून आपल्याच नावावर येणार. तेव्हा मग भांडायला आपल्या तोंडात शब्द राहणार नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे एस.टी.ने सांगलीला गेलो. त्याआधी पट्टीतले उरलेले खर्च मी समजून घेतले होते. तेही सांगते, कारण बायकांना इथेच जास्त शंका असते.

आडत ही रकमेवर लागते, वजनावर किंवा पोत्यावर नव्हे. आमच्या पट्टीवर शेकडा तीन होती. ती काढण्यास कागद-पेन्सिल लागत नाही. लाखाला तीन हजार, हजाराला तीस, शंभराला तीन. एक लाख बारा हजार सातशे बासष्टला तीन हजार तीनशे त्र्याऐंशी, बरोबर आली. मात्र एक लक्षात घ्या. मालाची रक्कम चुकली की आडतही चुकते. म्हणून आधी रक्कम ठरवावी आणि मग आडत तपासावी. आडत कोणाकडून घ्यावयाची हे सर्व मालाला सारखे नाही. २०१६ सालच्या जुलैपासून महाराष्ट्रात फळे, भाजीपाला, कांदा-बटाटा यांची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापावयाची नाही, ती खरेदीदाराने द्यावयाची असा नियम झाला. तेव्हा आपल्यातली कोणी कराडला किंवा साताऱ्याला वांगी-टोमॅटो पाठवीत असेल आणि तिच्या पट्टीवर आडत कापलेली असेल, तर तिने जरूर विचारावे.

हमाली आणि तोलाई या पोत्यावर लागतात. आमच्या पट्टीत हमाली पोत्याला बारा रुपये आणि तोलाई चार रुपये धरली होती. चौदा पोत्यांचे एकशे अडुसष्ट आणि छप्पन्न. इथे भाव बघण्याआधी पोत्यांची संख्या बघावी. चौदाची पंधरा झालेली आहेत का, हे बघावे. हमाली-तोलाईचे दर दुकानदाराच्या मर्जीवर नसतात. ते ठरलेले असतात, बाजार समितीत विचारले तर सांगतात. हमाल आणि तोलारांच्या कष्टाचा तो पैसा आहे, त्यात खळखळ करू नये. पण दर विचारण्यात कमीपणा नाही.

मोटारभाडे हा दुकानाचा खर्च नव्हे. टेंपोवाल्याला दुकानाने आपल्या वतीने दिलेले पैसे ते आपल्या पट्टीतून वळते करून घेतात. म्हणून आपण वाटेत किंवा घरी टेंपोवाल्याला काही रोख दिले असेल, तर ते पट्टीत पुन्हा लागले नाही ना, एवढे बघावे. आम्ही दिले नव्हते. पोत्याला पन्नास प्रमाणे सातशे बरोबर होते.

बाजार फी, ज्याला कोणी सेस म्हणतात, ती शेतकऱ्याच्या पट्टीवर असता कामा नये. १९६३ च्या महाराष्ट्राच्या बाजार कायद्याने ती खरेदीदाराकडून वसूल करावयाची आहे. आमच्या पट्टीवर ती नव्हती. पण 'इतर २८०' होते. 'इतर' हा शब्द पट्टीवर दिसला की थांबावे. दोनशे ऐंशीला चौदाने भागले तर पोत्याला बरोबर वीस. म्हणजे कोणीतरी पोत्यावर काहीतरी लावले होते, पण त्याला नाव नव्हते. ज्या खर्चाला नाव नाही, त्याचा दर कोणाला विचारणार? बाजार समितीने मंजूर केलेल्या खर्चांशिवाय पट्टीतून दुसरे काही कापता येत नाही.

तर आम्ही दुकानात गेलो. मालक नव्हते, दिवाणजी होते. म्हातारा माणूस, चष्म्याला दोरी. यजमान बाहेर बाकावरच बसले, आत यायला तयार होईनात. मी म्हटले, "दिवाणजी, आमच्या पट्टीत तीन गोष्टी आहेत. एक तुमच्या नुकसानीची आणि दोन आमच्या. आधी तुमची सांगते." असे म्हणून मी गड्ड्याच्या ओळीवर बोट ठेवले.

त्यांनी चष्मा वर केला, यंत्रावर पुन्हा आकडे मारले, आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, हे माझ्या पगारातून गेले असते." तेवढ्यात मालकही आले. त्यांना मी घरची वही दाखविली आणि रिकाम्या पोत्यांचे सांगितले. मालक म्हणाले, "बारदान किलोनेच धरायची पद्धत आहे, सगळीकडे तसेच चालते." मी म्हटले, "असेल. पण ही पोती आमचीच आहेत, मागे पडलेलीच आहेत. दहा घ्या आणि तुमच्या काट्यावर टाका." त्यांनी हमालाला हाक मारली. आमचीच दहा पोती काट्यावर पडली. सहा किलो सहाशे ग्रॅम. मालक हसले आणि म्हणाले, "साडेसहा धरू." 'इतर' म्हणजे काय, याचे उत्तर मात्र मालकांनाही देता आले नाही. ते त्यांनी स्वतःच खोडले.

मग नवी पट्टी झाली. हळकुंड पाचशे साडेसाठ किलो, किलोला एकशे सेहेचाळीस, रक्कम एक्क्याऐंशी हजार आठशे तेहतीस. गड्डा दोनशे पाच किलो चारशे ग्रॅम, किलोला एकशे एकतीस, रक्कम सव्वीस हजार नऊशे सात. दोन्ही मिळून १,०८,७४०. त्यावर आडत ३,२६२. हमाली १६८, तोलाई ५६ आणि भाडे ७०० तेवढेच. एकूण खर्च ४,१८६. निव्वळ १,०४,५५४. त्यातून उचल चाळीस हजार वजा जाऊन हातात ६४,५५४.

म्हणजे भगिनींनो, एवढे करून आमच्या हातात आधीपेक्षा तीन हजार सहाशे एकवीस रुपये कमीच आले. परतीच्या एस.टी.त यजमान खिडकीकडे तोंड करून बसले होते. इस्लामपूर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी सासूबाईंनी भाकरी वाढली, पण माझ्याकडे बघितले नाही. ते दिवस मला फार जड गेले. पण मी मनात निराळा हिशेब धरला होता. ते चार हजार सातशे सोळा कधी आमचे नव्हतेच. ते बाजूला काढले, तर बारदान आणि 'इतर' मिळून, जास्त रकमेवरची आडत वजा जाऊन, नऊशे त्रेपन्न रुपये आम्हाला खरोखरीच जास्त मिळाले. आणि ते एका वर्षाचे नव्हेत. पुढच्या वर्षी आमची पोती गेली तेव्हा मालकांनीच सांगितले, "या घरचे बारदान तोलून धरा." यजमानांनी हे घरी येऊन स्वतः सांगितले. त्या दिवसापासून पट्टी आली की ती आधी माझ्या हातात देतात.

शेवटी उचलीविषयी थोडे बोलते. आपल्या घरात सगळ्यात मोठा घोटाळा पट्टीत होत नाही, तो आपल्या डोक्यात होतो. हातात चौसष्ट हजार आले की आपण म्हणतो, हळदीचे चौसष्ट हजार झाले. ते खरे नव्हे. हळदीचे एक लाख साडेचार हजार झाले. चाळीस हजार आपण आधीच आणून खते, मजुरी आणि घरखर्चात घातले होते. उलट कधी उचल घेतलेली नसते आणि हातात रक्कम मोठी येते, तेव्हा वाटते यंदा हळद चांगली पिकली. म्हणून उचल वजा करण्याच्या वरची ओळ, निव्वळ, तीच आपल्या वहीत लिहावी. त्या रकमेला किलोने भागावे. आमचे सातशे पासष्ट किलो नऊशे ग्रॅम, त्याला भागले तर किलोला साधारण एकशे साडेछत्तीस रुपये आले. सौद्यात एकशे सेहेचाळीस आणि एकशे एकतीस ऐकू आले होते, पदरात पडले ते एकशे साडेछत्तीस. पिकाला किती खर्च आला आणि पुढच्या साली हळद लावावी की नाही, हे ठरवावयाचे ते या आकड्यावरून. उचलीवर व्याज लावलेले असेल, तर कोणत्या तारखेपासून लावले तेही बघावे. त्यासाठी उचल आणली त्या दिवशीच वहीत तारीख टाकावी. आपली स्मरणशक्ती दुकानाच्या वहीपुढे टिकत नाही.

आणि बोलून काम झाले नाही तर? आमचे झाले, पण सगळीकडे होईलच असे नाही. तेव्हा पट्टी आणि काट्याची चिठ्ठी, दोन्ही घेऊन बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तिथेही दाद लागली नाही, तर जिल्ह्याला सहकार खात्याचे उपनिबंधक असतात. पण तिथे कोणीही पहिला प्रश्न विचारील तो एकच: "पट्टी कुठे आहे?" नुसते चिठोऱ्यावर लिहिलेले आकडे घेऊन आलात तर अर्जाला पाय नाहीत. दुकानाचे नाव, परवान्याचा नंबर, तारीख, खरेदीदार आणि सही असलेली छापील पट्टीच घ्यावी. आणि शक्य असेल तर शंका पैसे घेण्याआधी विचारावी. पैसे घेऊन सही केल्यावर तीच शंका तक्रार होते, आणि तक्रारीला वेळ लागतो.

माझ्या वहीची पहिली तीन पाने मी आज इथे आणली आहेत. चहाच्या वेळी ज्यांना बघावयाची असतील त्यांनी बघावीत. आणि ज्यांच्या घरी गेल्या हंगामाची पट्टी असेल, त्यांनी पुढच्या शुक्रवारी मंडळात येताना ती घेऊन यावी. नाव झाकून आणली तरी चालेल. आपण सगळ्या मिळून वाचू.